रेपो सव्वा टक्का उतरला, मग माझ्या गृहकर्जाचा हप्ता जागचा का हलला नाही?

विक्रांत
२०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून टप्प्याटप्प्याने ५.२५ वर आणला. माझा हप्ता एका रुपयानेही कमी झालेला नाही. आईची मुदतठेव मात्र नूतनीकरणाला आली तेव्हा तिला पूर्वीपेक्षा जवळपास एक टक्का कमी व्याज सांगितलं. ठेवीदाराच्या खिशातून लगेच काढायचं आणि कर्जदाराला ताटकळत ठेवायचं, मधला फरक बँकेने ठेवायचा, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. कुणाचं वेगळं मत असेल तर कारणासकट सांगा.

शुभदा
माझं वेगळं आहे. बँकेच्या ज्या विभागात ठेवी आणि कर्जांच्या मुदती एकमेकींशी जुळवतात, तिथे मी बरीच वर्षं काम केलं आहे.

आधी एक पाहा. कर्जाच्या उताऱ्यात हप्त्याच्या रकमेकडे नको, व्याजदर आणि उरलेल्या हप्त्यांची संख्या यांच्याकडे बघा. दर बदलला की बहुतेक बँकांची यंत्रणा हप्ता तोच ठेवते आणि मुदत बदलते. समजा २५ लाख कर्ज शिल्लक आहे, दर साडेनऊ टक्के आणि २१६ हप्ते बाकी. हप्ता साधारण २४,१९८. दर सव्वा टक्का उतरून ८.२५ झाला आणि हप्ता तसाच ठेवला, तर कर्ज १८१ महिन्यांत फिटतं. तुम्हाला दर महिन्याला काहीच जाणवत नाही, पण जवळपास तीन वर्षांचे हप्ते गेलेले असतात. मुदत तशीच ठेवून हप्ता कमी करून मागितला असता तर तो २२,२५४ च्या आसपास आला असता. बँकेला लेखी कळवून हा पर्याय घेता येतो.

ओंकार
मुदत कमी झाली असेल हे मान्य. पण मूळ मुद्दा वेगळा आहे. बँका रिझर्व्ह बँकेकडून रेपो दराने पैसे उचलतात आणि तेच आपल्याला कर्जाऊ देतात. रेपो उतरला त्याच दिवशी त्यांचा कच्चा माल सव्वा टक्क्याने स्वस्त झाला. मग तीन तीन महिने थांबायचं कारणच काय?

शुभदा
ओंकार, रेपोने उचललेला पैसा बँकेच्या एकूण पैशात नगण्य असतो. बँक चालते ती ठेवींवर. रेपोचं खरं काम एका रात्रीच्या बाजारात होतं. बँका एकमेकींना रात्रभरासाठी पैसे देतात त्या बाजारातला दर रेपोच्या आसपास राहील, याची काळजी रिझर्व्ह बँक घेते. कारण त्याच्या थोडं खाली बँका जास्तीचे पैसे तिच्याकडे ठेवू शकतात आणि थोडं वर तिच्याकडून उचलू शकतात. सध्या हे अंतर दोन्ही बाजूंना पाव टक्का आहे. रात्रीचा दर हलला की तीन महिन्यांच्या, वर्षाच्या कर्जरोख्यांचे दर हलतात आणि मग नव्या ठेवीला किती द्यायचं हे ठरतं. बाजारात पैसाच कमी असेल तर रेपो कागदावर उतरतो, बँका मात्र ठेवींसाठी एकमेकींशी झगडत राहतात. म्हणूनच जून २०२५ मध्ये अर्धा टक्का कपात केली तेव्हा बँकांना ठेवींतला जो भाग रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो ते रोख राखीव प्रमाणही चार टप्प्यांत एक टक्क्याने कमी करायचं जाहीर झालं. त्याशिवाय ठेवींचे दर एवढ्या लवकर उतरले नसते.

आता तुमचा "कच्चा माल" पाहू. समजा बँकेकडे १०० रुपये ठेव आहे. त्यातले १० चालू खात्यात, ३० बचत खात्यात, ६० मुदतठेवीत. मुदतठेवीचा नवा दर एक टक्का खाली आणला तरी जुन्या ठेवीची मुदत संपेपर्यंत ठरलेलंच व्याज द्यावं लागतं. वर्षभरात त्या ६० पैकी निम्म्या ठेवी मुदत संपून नव्या दरावर आल्या, तर वर्षअखेरीस वाचले ०.३०. बचत खात्याचा दर पाव टक्का कमी केला, त्याचे आणखी ०.०७५. एकूण ०.३७५. समजा ६० रुपयांची कर्जं रेपोशी जोडलेली आहेत. त्यांचा दर तीन महिन्यांच्या आत पूर्ण एक टक्का उतरला, म्हणजे उत्पन्न ०.६० ने घटलं. दर उतरताना बँक पहिलं वर्षभर मार खाते.

दिनकर
हा हिशेब मला माझ्या बाजूने दिसतो आहे. मी निवृत्त आहे आणि घर ठेवींवर चालतं. माझ्या दोन ठेवी एकाच महिन्यात संपल्या आणि दोन्ही नव्या कमी दराने गेल्या. बचत खात्यावर तर मोठ्या बँका आता अडीच टक्के देतात. विक्रांतना निदान मुदत कमी झाल्याचा फायदा आहे. आमचं व्याज कमी होतं तेव्हा आम्हाला कुठला पर्याय विचारतात? गृहकर्ज स्वस्त करायचं ते आमच्या व्याजातून, असंच हे आहे.

शुभदा
दिनकरकाका, तुमचं म्हणणं खोडून काढण्यासारखं माझ्याकडे काही नाही. कर्ज रेपोशी बांधलं आणि ठेव बांधली नाही. बँक दोन्हींच्या मध्ये आहे, तेव्हा ती ताण नव्या ठेवीवर टाकते. फक्त एक सांगते. सगळ्या ठेवी एकाच महिन्यात संपतील अशा ठेवू नका. एक, दोन, तीन, चार वर्षांच्या अशा विभागून ठेवल्या की दर पडले तरी एका वर्षी एकाच भागाला झळ बसते. दर चढतात तेव्हाही एकच भाग वर जातो, ही त्याची दुसरी बाजू.

ओंकार
शुभदाताई, मग दर चढताना काय झालं होतं? मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५० झाला. कर्जाला लगेच लागला आणि ठेवींचे दर मागून रखडत आले. बँकांना तेव्हा मिळालं ते त्यांनी परत केलं का?

शुभदा
नाही केलं. घड्याळ तेच आहे, फक्त उलटं चालतं. दर चढले की रेपोशी जोडलेलं कर्ज तीन महिन्यांत महाग होतं, जुन्या ठेवींवर मात्र जुनंच स्वस्त व्याज चालू राहतं. त्या वर्षी बँकांचं व्याजातलं अंतर रुंदावलं हे खरं आहे. दर उतरताना जे आकसतं ते तिथे कमावलेलं असतं. एका फेरीकडेच पाहिलं तर कुणीतरी लुटतंय असं वाटणारच.

त्या काळात कर्जदारांचं जे झालं ते मी जवळून पाहिलं आहे. ३० लाख, सात टक्के, वीस वर्षं, हप्ता २३,२५९. दीड वर्ष फेडल्यावर शिल्लक २८.९१ लाख. तिथे दर एकदम साडेनऊ झाला असं धरा. महिन्याचं व्याजच २२,८८७. मुद्दलात जेमतेम ३७२ जातात. हप्ता तोच ठेवला तर उरलेले २२२ महिने ५२५ होतात, म्हणजे जवळपास ४४ वर्षं. प्रत्यक्षात दर टप्प्याने चढले आणि बँका वयाची मर्यादा पाहून मध्येच हप्ता वाढवतात, पण अनेकांची मुदत त्यांना न कळता लांबली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की दर बदलताना कर्जदाराला हप्ता वाढवायचा की मुदत, हे विचारा, आणि हप्त्यातून निदान व्याज तरी फिटलंच पाहिजे.

रेणुका
माझं कर्ज २०१७ चं आहे, म्हणून मला रेपोचा काही संबंधच दिसत नाही. माझ्या पत्रात एमसीएलआर लिहिलं आहे आणि दर वर्षातून एकदाच बदलतो. माझ्यानंतर त्याच बँकेतून मैत्रिणीने कर्ज घेतलं, तिचा दर माझ्यापेक्षा बराच कमी आहे. पत दोघींचीही चांगली. म्हणजे जुन्या गिऱ्हाईकाला शिक्षा का?

शुभदा
रेणुका, तुमचं कर्ज जुन्या पद्धतीतलं आहे. एमसीएलआर १ एप्रिल २०१६ पासून आला आणि तो बँकेच्या स्वतःच्या खर्चावरून ठरतो. वर मी ठेवींचा जो संथ हिशेब दाखवला तोच त्यात मुरलेला असतो. शिवाय बँकाच आपला दर मोजत. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासगटाने ही मोजणी मनमानी पद्धतीने झाल्याचं दाखवून दिलं. त्यानंतर १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या मापाशी जोडायचं बंधन आलं. जुनी कर्जं आपोआप बदलली नाहीत, मागावं लागतं. शुल्क किती आणि बदलल्यावर अंतिम दर किती, हे दोन आकडे लेखी घ्या. गृहवित्त कंपनीचं कर्ज असतं तर हे बंधनच लागू नव्हतं.

विक्रांत
उतारा काढला. दर ९.५० वरून ८.५० झालेला आहे आणि उरलेले हप्ते खरंच कमी झाले आहेत. एवढ्यापुरतं मी चुकलो. पण रेपो सव्वा टक्का उतरला आणि मला एकच टक्का मिळाला. पाव टक्का कुठे आहे?

आणि दुसरं. रेपोवर बँक जो स्प्रेड चढवते, तो नव्या कर्जदाराला तीच बँक माझ्यापेक्षा कमी लावते आहे. रेपो सगळ्यांना सारखाच, तर मग खरा दर त्या स्प्रेडमध्येच ठरतो. बाहेरचं माप लावून काय साधलं?

शुभदा
पाव टक्का बहुधा ५ डिसेंबर २०२५ च्या कपातीचा आहे. नियमाने दर तीन महिन्यांतून एकदा तरी बदलला पाहिजे. तुमच्या कर्जाची बदलाची तारीख कुठली हे करारात असेल. ती उलटूनही ८.५० च राहिला तर लेखी तक्रार करा.

स्प्रेडबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. माप बाहेरचं झालं तरी त्यावर किती चढवायचं हे पहिल्या दिवशी बँकच ठरवते. नंतर तुमची पत बरीच बदलल्याशिवाय त्यातला जोखमीचा भाग वाढवता येत नाही. बाकीचा भाग तीन वर्षांतून एकदाच बदलायची मुभा होती. १ ऑक्टोबर २०२५ पासून कर्जदाराच्या फायद्यासाठी तो आधीही कमी करता येतो. "करता येतो" असं आहे, "केलाच पाहिजे" असं नाही. त्यामुळे तुम्ही मागितल्याशिवाय कुणी कमी करणार नाही.

ओंकार
मग माझं मत कायम आहे, फक्त कारण बदललं. रेपोमुळे नाही, स्प्रेडमुळे. जुन्या आणि नव्या कर्जदाराला सारखा स्प्रेड असावा असा नियम हवा.

शुभदा
मला तसं वाटत नाही. तसा नियम आला तर बँक नव्यांनाही जास्तच लावेल. कर्ज दुसरीकडे नेणं सोपं असणं जास्त उपयोगी पडतं. व्यक्तीच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नाही, ती वाट उघडी आहे. तरी कायदेशीर खर्च आणि नव्याने कागदपत्रं करायची दगदग असतेच, हे मान्य.

दिनकर
तुम्हा कर्जदारांना दुसरीकडे जाता येतं. माझी ठेव मी मुदतीआधी मोडली तर दंड बसतो, आणि नाही मोडली तर संपताना नवा दर जो असेल तो घ्यायचा. रेपोशी जोडलेली ठेव मला कुणी का देत नाही, हे अजून कुणी सांगितलं नाही.

शुभदा
काही बँकांनी तशा ठेवी आणल्या होत्या, काका. चढत्या दरात लोक घेतात, उतरू लागले की सगळे ठरलेल्या दराच्या ठेवीकडे वळतात. तुम्ही आज, कपातीनंतर, घ्याल का?

दिनकर
आज नाही. पण २०२२ मध्ये घेतली असती.