‘तालीम’ आणि ‘शिकवणी’ यांत फरक काय?

मीरा: एका गायिकेच्या परिचयात वाचलं, ‘रेकॉर्ड्सवरून तालीम घेतली’. कानाला खटकलं. हे बरोबर आहे का?

दत्तू: तालीम हा शब्द ‘ताल’वरून आला. तालात बसवणं म्हणजे तालीम. ते रेकॉर्डवरूनही होऊ शकतं.

पेटीवाला: दत्तूभाऊ, तालाशी त्याचा संबंध नाही. मूळ अरबी, ‘इल्म’च्या घरातला शब्द, अर्थ शिकवणं. म्हणजे देणारा समोर हवाच. गुरू एक जागा घेतो, शिष्य तीच म्हणतो, गुरू ती मोडून वेगळी करतो, शिष्य मागोमाग जातो. चूक झाली की तिथल्या तिथे थांबवतात. रेकॉर्ड थांबवत नाही.

कोल्हापूरकर: आमच्याकडे तालीम म्हणजे लाल माती. गाण्याचीही असते होय?

पेटीवाला: तुमच्याच गावात होती! शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादियाखाँ होते. आणि नाटकाची तालीम वेगळीच, तिथे ती ‘करतात’. गाण्याची ‘देतात’, ‘घेतात’, ‘मिळते’.

मीरा: पण ऐकून शिकता येतंच की.

पेटीवाला: येतं, पण काय येतं ते बघा. जुन्या ७८च्या तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची. विलंबित तिलवाड्यात एक मात्रा चार सेकंदांची धरली तर सोळा मात्रांचं आवर्तन चौसष्ट सेकंदांचं. म्हणजे तीन आवर्तनंही पुरती बसत नाहीत. मग गवई लय चढवायचे, बढत गाळायचे, मुखडा आणि ताना ठेवायचे. त्यावरून उचललेल्याला चीज येते, राग वाढवता येत नाही. ओळखायचं कसं? तबलजीला लय थोडी उतरवायला सांगा. पाठ केलेली तान समेच्या आधीच संपते आणि गाणारा अडकतो.

दत्तू: आता तासाभराची रेकॉर्डिंग्ज आहेत. आणि क्लासही आहेत. पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला विद्यालय काढलं, ते चुकलं का?

पेटीवाला: चुकलं नाही. घराण्याच्या दारात ज्यांना उभं केलं नसतं अशांना गाणं मिळालं. पण वर्गात वीस गळे एकदम गातात. कुणाचा गंधार उतरला हे ऐकायला कुणाला सवड? त्याला मी शिकवणीच म्हणेन.

स्मिता, डब्लिन: माझी मुलगी पुण्यातल्या बाईंकडे व्हिडिओवर शिकते. आवाज उशिरा पोचतो, म्हणून दोघींना एकदम गाता येत नाही. तानपुराही दोन्हीकडे वेगळा लावावा लागतो. पण एकटीच्या चुका एकटीला कळतात. ही तालीम की शिकवणी?

पेटीवाला: बाई थांबवतात का?

स्मिता, डब्लिन: परवा पाऊण तास एकाच मुखड्यावर गेला. मुलगी रडकुंडीला आली.

पेटीवाला: मग तालीम म्हणा.

मीरा: पण ‘मागोमाग जाणं’ तर होतच नाही, दोघींना एकदम गाता येत नाही ना?

पेटीवाला: तेवढं खरं. उत्तर नाही माझ्याकडे.

मीरा: मी त्या परिचयात ‘रेकॉर्ड्स ऐकून शिकल्या’ एवढंच करून पाठवते.