दारूचा वर्षाचा हिशेब: अंदाज किती होता आणि निघाले किती?

कास्तकार, राळेगाव

मागच्या पाडव्याला एक दोनशे पानी वही घातली आणि पहिल्या पानावर माझा अंदाज लिहून ठेवला. आठवड्यातून एक शनिवार, एक क्वार्टर, धरा दोनशे रुपये. वर्षाचे 52 शनिवार, म्हणजे दहा हजार चारशे. या पाडव्याला बेरीज केली तर 38,640 निघाले. बायकोने मोबाइलवर दोनदा मांडून पाहिलं, तेवढेच आले.

गेले कुठे ते सांगतो. माझ्या स्वतःच्या बाटल्यांचे 16,900. शनिवार 52 होते, पण बैठका भरल्या 87. पोळा, लग्नं, साळभावाची बदली, शेतातली मोटार दुरुस्त झाली, असं काही ना काही. चकण्याचे 7,240, म्हणजे अंडी, शेव, फल्ली, पाण्याच्या बाटल्या. दुसऱ्यांना पाजलेले 11,300. गाडीच्या पेट्रोलचे 3,200, कारण दुकान सात किलोमीटरवर आहे. कापसाचा चुकारा खात्यात पडला तो डिसेंबर एकटाच 7,100 चा.

पहिला महिना तर चुकलाच. मी दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायचो. बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात बुचं टाकत गेलो, ते नुसतं गंमत म्हणून. महिनाअखेर वहीत सहा नोंदी, डब्यात नऊ बुचं! तेव्हापासून बूच काढलं की तिथेच लिहायचं ठरवलं. तुमचे आकडे सांगा, आणि लिहायची पद्धतही सांगा.

वर्धेकर

आमचा जिल्हा सत्तरच्या दशकापासून दारूबंदीचा आहे, त्यामुळे आमच्याकडे हा प्रश्न तितका नाही. मी नदीपलीकडे जातो तेव्हाच घेतो. आणि मी देशी-इंग्लिश सोडून बियरवर आलो, तेव्हापासून खर्च अर्ध्यावर आला. तुम्हीही करून पहा.

कास्तकार, राळेगाव

भाऊ, पेट्रोल मांडलं का? आणि गावात फोनवर येते ती काय भावाने येते?

वर्धेकर

फोनवरची जवळपास दुप्पट पडते. ती मी धरली नव्हती, कारण नेहमी मागवत नाही. म्हणजे कधी मागवतो ते लिहिलेलंच नाही.

काउंटरवर होतो

मी देशीच्या भट्टीवर नऊ वर्षं गल्ला सांभाळला. बियरचं सांगतो. क्वार्टर 180 मिलीची, तिच्यावर 42.8 टक्के लिहिलेलं असते. स्ट्राँग बियर 650 मिलीची, साधारण आठ टक्क्यांपर्यंत. हिशेब केला तर क्वार्टरमध्ये 77 मिली अल्कोहोल आणि बियरमध्ये 52. म्हणून एक बियर कमी पडते, माणूस दुसरी घेतो, आणि पैसे वाचले असं त्याला वाटते. एकच घेऊन उठणारा असेल तर त्याचं म्हणणं खरं आहे. असे गिऱ्हाईक मी पाहिले, पण मोजके.

खरा घोळ नव्वदीचा आहे. 90 मिलीची ती छोटी बाटली. सकाळी कामावर जाताना उभ्या-उभ्या घेतो, नळाचं पाणी पितो, निघतो. त्याला विचाराल तर तो म्हणेल, मी पीतच नाही, कधीमधी घेतो. 2025 च्या दरवाढीनंतर 180 ची देशी 80 च्या घरात गेली. नव्वदीचे चाळीस धरा. रोज एक म्हणजे वर्षाला 14,600. खिशात 40 च असतात म्हणून तीच घेतली जाते, आणि चाळीस रुपये कोणी लक्षात ठेवत नाही.

आणखी एक. मागच्या वर्षीचा हिशेब हवा असेल तर वही नसली तरी भट्टीची उधारीची वही असते. कापूस-सोयाबीन विकल्यावर ज्या दिवशी खातं मोकळं करायला जाता, त्या दिवशी पानं मागा. मालक सहजी देत नाही, पण वाचू देतो. फोनवरून पैसे दिले असतील तर नीट बघा. बऱ्याच ठिकाणी स्कॅनर मालकाच्या नावाचा किंवा किराण्याच्या नावाचा असतो, तो खर्च तुमच्या यादीत किराणा म्हणून दिसतो.

आशाताई, दारव्हा

मी पीत नाही, पण वही माझ्याकडे आहे, बचत गटाची. यांचा खर्च लिहायला लागले ते विचारूनच. पहिले दोन महिने सांगत होते, मग चिडायला लागले. म्हणून मी दुसरं लिहिलं: किती दिवस काम केलं आणि किती दिवसांची मजुरी घरी आली. मजुरी चारशे रुपये. वर्षात 61 दिवस असे निघाले की आदल्या रात्रीमुळे कामावर गेलेच नाहीत. त्याचे 24,400. राळेगावकर भाऊ, तुमच्या वहीत हा रकाना आहे का?

कास्तकार, राळेगाव

नाही ताई. मी स्वतःच्या शेतात असतो, मजुरी कोणाला देणार म्हणून मांडला नाही. पण एकदा कीड पडली तेव्हा फवारणी दोन दिवस लांबली ती त्याच्याचमुळे. त्याचे पैसे कसे मांडायचे, समजत नाही.

मेळघाट

आमच्याकडे मोहाची घरचीच. पैसे लागतच नाहीत, तर हिशेब काय करणार? फक्त पाहुणे आले की गूळ आणावा लागते.

काउंटरवर होतो

मोहफूल व्यापारी ज्या भावाने घेतो, त्या भावाने आपण वापरलेलं मांडा.

मेळघाट

असं मांडलं तर मग जंगलात वेचायला गेलेले दिवसही मांडा. मी नाही मांडत.

पांढरकवडा

मी मोजलं, पण दारूचं नाही, खर्र्याचं. दिवसाला चार, वीसचा एक. 29,200 आले वर्षाचे. दारूचे माझे त्याच्यापेक्षा कमी आहेत. चालेल का इथे?

कास्तकार, राळेगाव

चालेल. मी खर्रा वहीत धरलाच नाही, आता वाटते मुद्दाम धरला नाही.

पुसदचा शिक्षक

एक सावधगिरी, कारण माझ्या साळ्याच्या बाबतीत झालं. त्याचा आकडा 52 हजार निघाला, तो हादरला आणि त्याच रात्री एकदम बंद केली. पहाटेपासून पिणारा माणूस. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे दिसतात म्हणून ओरडायला लागला, नंतर झटका आला. आम्ही भूत लागलं म्हणून मांत्रिकाकडे निघालो होतो, शेजारच्या नर्सबाईने अडवून सरकारी दवाखान्यात नेलं. रोज आणि सकाळपासून घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारूनच थांबवावं. शनिवारवाल्यांचं वेगळं.

कास्तकार, राळेगाव

मोठा प्रश्न राहिला तो दुसऱ्यांना पाजलेल्या 11,300 चा. त्यांनीही मला पाजलं, ते मी कुठे लिहिलं नाही. बायको म्हणते, तेही तुझ्याच नावावर घाल. मी म्हटलं, ते त्यांच्या बायकांच्या वहीत असेल. तिने डब्यातली बुचं चुलीजवळ रिकामी करून ठेवली आहेत, चौऱ्याऐंशी आहेत. तीन कुठे गेली, मला आठवत नाही.