‘अव्यक्त फल’: वर्तुळात नेमकं काय अव्यक्त आहे?

मुक्ता: बारावीच्या सरावात ‘अव्यक्त फलाचा विकलज काढा’ असं लिहिलेलं असतं आणि खाली x² + y² = 25. यात x दिसतो, y दिसतो, मग अव्यक्त काय राहिलं?

शशांक: ज्या समीकरणातून y वेगळा काढताच येत नाही, तिथे अव्यक्त म्हणतात.

वसुधाताई: शशांक, तशीही समीकरणं असतात, पण वर्तुळ त्यातलं नाही. इथे y निघतो, फक्त एकाऐवजी दोन निघतात. √(25 − x²) म्हणजे वरचं अर्धवर्तुळ आणि −√(25 − x²) म्हणजे खालचं. x = 3 घेतला तर y 4 की −4, हे समीकरण सांगत नाही. ते फक्त x आणि y यांच्यातलं नातं सांगतं. ‘y हे x चं कोणतं फल’ हे त्यात उघड लिहिलेलं नाही, अव्यक्त आहे ते एवढंच.

मुक्ता, आता (3, −4) हा बिंदू धर. त्याच्या आसपासच्या छोट्या कंसापुरतं y हे x चं फल आहे. त्याचं सूत्र न लिहिता विकलज काढायचा, तर दोन्ही बाजूंचं x च्या सापेक्ष विकलन करायचं:

2x + 2y·(dy/dx) = 0, म्हणून dy/dx = −x/y

(3, −4) वर चढ 3/4 येतो, (3, 4) वर −3/4. उत्तरात y आहे, म्हणून कोणतं अर्धवर्तुळ ते वेगळं सांगावं लागत नाही. वर्गमूळ घेऊन सोडवणारे बरेचदा सवयीने धन मूळ घेतात आणि खालच्या बिंदूला वरचा चढ देऊन मोकळे होतात.

रोहन: माझं 2x + 2y = 0 असं आलं होतं. y² चं 2y नाही का होत?

वसुधाताई: y च्या सापेक्ष होतं. आपण x च्या सापेक्ष करतोय आणि y स्वतः x वर अवलंबून आहे, म्हणून साखळी नियमाने dy/dx चा गुणक लागतो. तुझ्या ओळीत dy/dx कुठेच नाही, म्हणजे चढ काढायला काही उरलंच नाही. चूक झाल्याची खूण हीच. उत्तर आल्यावर आणखी एक पडताळा घे. केंद्रापासून (3, −4) पर्यंतच्या त्रिज्येचा चढ −4/3 आहे. त्याला 3/4 ने गुणलं की −1 येतं, म्हणजे स्पर्शिका त्रिज्येला लंब आहे.

शशांक: मग (5, 0) वर? −5/0 येतं. तिथे स्पर्शिका नाही असं लिहायचं ना?

वसुधाताई: स्पर्शिका आहे, x = 5 ही उभी रेषा. नाही तो विकलज. त्या बिंदूजवळ कितीही छोटा कंस घेतला तरी x च्या एका किमतीला y च्या दोन किमती राहतात, म्हणून तिथे y हे x चं फलच होत नाही. उलट x ला y चं फल मानलं तर dx/dy = −y/x = 0 मिळतं.

मुक्ता: हे कळलं. सरावाला काही द्याल का? सोप्यापासून.

वसुधाताई: आधी x² + y² = 169 वर (5, −12) पाशी चढ काढ, 5/12 यायला हवा. मग केंद्र हलवू: (x − 2)² + (y + 1)² = 25, बिंदू (5, 3). इथे कंस उलगडू नकोस, तसेच ठेवून विकलन कर. उत्तर −3/4.

त्यानंतर पहिल्याच वर्तुळाचा, x² + y² = 25 चा, दुसरा विकलज. −x/y चं पुन्हा विकलन करताना y ला स्थिरांक धरलं की सगळं बिघडतं. नीट केलं तर −(x² + y²)/y³ येतं. बिंदू वर्तुळावरचा असल्यामुळे अंशात 25 घालता येतात: −25/y³. वरच्या अर्धात हे ऋण आणि खालच्या अर्धात धन, वक्र जसा वाकलेला दिसतो तसंच.

शेवटी वर्तुळ सोडून x² + xy + y² = 7, बिंदू (1, 2). xy ला गुणाकाराचा नियम लाव, तिथून y + x·(dy/dx) ही दोन पदं निघतात. चढ −4/5.

रोहन: शेवटच्यात माझं −2/5 आलं.

वसुधाताई: अंशात 2x + y आहे का बघ. तुझा y सुटला असावा.

निनाद: x² + y² = −1 घेतलं तरी कृती तीच, उत्तरही −x/y. वक्रावर एकही बिंदू नसताना हा चढ कशाचा?

वसुधाताई: कशाचाच नाही. कृतीच्या आधी ‘y हे फल आहे’ असं गृहीत धरलेलं असतं, ते इथे खोटं आहे. म्हणून बिंदू समीकरणात घालून बघणं ही पहिली पायरी.

शशांक: मग नुसतं ‘अव्यक्त विकलन’ म्हणणं चूकच. अव्यक्त आहे ते फल, विकलन तर उघड करतो.

मुक्ता: आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात, आणि अर्थ पोचतो.

शशांक: पोचतो, पण मी पेपरात ‘अव्यक्त फलाचे विकलन’ असंच लिहिणार.