सिटिंग फी आणि करकपात

«रत्नागिरीतल्या आमच्या मासळी प्रक्रिया कंपनीत बिगर-कार्यकारी संचालकांना वर्षभरात चार बैठकांचे २०,००० रुपये दिले. ५०,००० च्या आत असल्याने कर कापला नाही. बरोबर ना?»

नाही. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी ५०,००० ची ती मर्यादा व्यावसायिक शुल्काला आहे; संचालकांच्या मानधनाला कलम १९४जे(१)(बीए) लागू होते आणि त्यात किमान मर्यादाच नाही, त्यामुळे प्रत्येक ५,००० वर १० टक्के, म्हणजे ५०० रुपये कापायलाच हवे होते. ते राहिल्याने व्याज लागेल, शिवाय खर्चाचे ३० टक्के, म्हणजे ६,००० रुपये, नामंजूर होऊ शकतात. नोकरीचा करार असलेल्या पूर्णवेळ संचालकाचा पगार मात्र कलम १९२ खाली, वेतन म्हणूनच धरला जातो.