मदत हवी आहे: पाचव्या महिन्यातही नडगीचं हाड जुळत नाही

नाशिकला द्वारका चौकात मेव्हण्याची गाडी घसरली, नडगीचं हाड खालच्या तिसऱ्या भागात मोडलं. रॉड टाकलाय. आता पाचवा महिना, टेकवलं की अजून दुखतं. एक्स-रेत दोन्ही बाजूंना जाड कॅलस, म्हणजे हाड जुळताना तयार होणारा नवा भराव दिसतो, पण मोडल्या जागेची मधली काळी रेघ जात नाही.

मला समजलंय ते असं: आधी रक्ताची गुठळी आणि सूज, मग तिथे कूर्चापेशी मऊ कॅलस करतात. त्यात रक्तवाहिन्या शिरल्या की ऑस्टिओब्लास्ट पेशी त्याचं हाड करतात. फटीत हालचाल जास्त राहिली तर कूर्चेचं हाड होत नाही. म्हणजे कॅलस भरपूर असूनही रेघ राहिली तर रक्तपुरवठा ठीक, स्थिरता कमी, असंच ना? कॅलसच नसता तर गोष्ट वेगळी होती.

डॉक्टर रॉड हाडाला धरून ठेवणारा एक स्क्रू काढून हाडावर भार येऊ द्या म्हणतात. पण रॉडच सैल असेल तर त्याने हालचाल वाढणार नाही का? जाड रॉड बदलून कोणी घेतलाय? आधी सीटी स्कॅन आणि शरीरातली सूज-संसर्ग दाखवणारी सीआरपी ही रक्ततपासणी करावी का? छुपा जंतुसंसर्गही हाड जुळू देत नाही म्हणे. आणि हो, बिडी सुटलेली नाही, घरचे बोलून थकले.