‘दिस्वा’चा कर्ता कोण? पालीतल्या त्वान्तांवर वाद

पालीचा_नवा_भिडू: मज्झिम निकायातलं अरियपरियेसन सुत्त वाचतोय. शेवटाकडे ‘पञ्ञाय चस्स दिस्वा आसवा परिक्खीणा होन्ति’ असं येतं. होन्तिचा, म्हणजे ‘होतात’चा, कर्ता आसवा, म्हणजे आस्रव, मनातले मळ. दिस्वा हे त्वान्त, म्हणजे मराठीतल्या ‘पाहून’सारखं रूप. मग हे पाहणं कोणी केलं? आस्रवांनी? वाक्य सरळ चुकलंय असं माझं मत. पटत नसेल तर सांगा.

कृदंतवाला: मत बरोबर आहे. पाणिनीचं सूत्र 3.4.21 बघा, समानकर्तृकयोः पूर्वकाले. दोन्ही क्रियांचा कर्ता एक, आणि पहिली क्रिया आधीची. पालीचा व्याकरणकार कच्चायनही तेच म्हणतो: पुब्बकालेककत्तुकानं तुन त्वान त्वा वा. कर्ते वेगळे असले की सति सप्तमी, म्हणजे ‘तो आला असता’ धाटणीची सप्तमीतली रचना वापरायची, ती पालीत आहेच. पाठांतराच्या परंपरेत कुठेतरी घसरलेलं वाक्य असणार.

ओसरीवरून: घसरलेलं म्हणावं तर हेच वाक्य निकायांत जागोजागी याच शब्दांत येतं. सगळीकडे एकाच ठिकाणी कसं घसरेल?

आणि मुळात ‘अस्स’कडे कुणी पाहिलंच नाही. चस्स म्हणजे च अस्स, ‘आणि त्याचे’. पाहणारा तिथे बसलाय, फक्त षष्ठीत. होन्तिशी जुळणारी प्रथमा आस्रवांकडे गेली, पण वाक्य ज्याच्याबद्दल आहे तो भिक्खूच. ‘पाऊस पडून नदीला पूर आला’ यात पडला पाऊस आणि आला पूर, तरी आपल्याला कुठे अडखळायला होतं?

‘आस्रवांना पाहून’ असाही अर्थ लावू नका. तसं असतं तर द्वितीयेत ‘आसवे’ आलं असतं.

कृदंतवाला: मराठीत चालतं म्हणून पालीत चालेल हा कुठला न्याय?

ओसरीवरून: न्याय नाही, ओळख पटवून दिली. पुरावा त्याच वाक्यात आहे. आधीचा तुकडा घ्या: ‘नेवसञ्ञानासञ्ञायतनं समतिक्कम्म सञ्ञावेदयितनिरोधं उपसम्पज्ज विहरति’. म्हणजे संज्ञा आहे-नाही अशी अवस्था ओलांडून, संज्ञा आणि वेदना थांबतात तो निरोध प्राप्त करून राहतो. समतिक्कम्म आणि उपसम्पज्ज, दोन्हींत त्वा दिसत नाही, कारण उपसर्गामुळे ‘य’ लागलाय आणि तो आधीच्या व्यंजनात विरघळलाय. समतिक्कम्म खरंच आधीचं आहे, ती पायरी ओलांडली, संपली. पण ‘उपसम्पज्ज विहरति’? निरोधाला पोचणं संपवून तो दुसरीकडे राहत नाही, पोचलेल्या अवस्थेतच राहतो. म्हणून ‘प्राप्त करून राहतो’ यातला ‘करून’ घड्याळाचा नाही. आणि तिसरं दिस्वा, जिथे प्रथमेचा कर्ताच बदलतो. एका वाक्यात तीन त्वान्तं आणि तिघांची नाती तीन तऱ्हेची. त्वा एवढंच सांगतो की ही क्रिया पुढच्या क्रियेला टेकून उभी आहे. आधी, सोबत की कारण, ते संदर्भ ठरवतो.

विहारातला: मी दर रविवारी वंदनेला असतो, मला व्याकरण फारसं कळत नाही. पण ‘येन भगवा तेनुपसङ्कमि, उपसङ्कमित्वा भगवन्तं अभिवादेत्वा एकमन्तं निसीदि’ म्हणजे ‘भगवान होते तिथे गेला, जाऊन, वंदन करून एका बाजूला बसला’, हे म्हणताना एकच शब्द दोनदा का, असं वाटायचं. म्हणताना मात्र तिथेच श्वास घेता येतो. पाठ करायला सोपं जावं म्हणूनच हे त्वा असावेत.

ओसरीवरून: प्रश्न वेगळा होता, पण मुद्दा कामाचा आहे. ‘उपसङ्कमि’वर एक वाक्य पुरं होतं आणि ‘उपसङ्कमित्वा’ तीच क्रिया पुढच्या वाक्यात हात धरून आणतो. गंमत पुढे आहे. ‘निसीदि’नंतर ‘निसीदित्वा’ येत नाही, ‘एकमन्तं निसिन्नो खो’, एका बाजूला बसलेला, असं येतं. जवळ जाणं उरकलं, पण बोलताना माणूस बसलेलाच असतो, म्हणून तिथे विशेषण.

कृदंतवाला: बरं, निसिन्नो मान्य. ‘सोबत’ही मान्य करतो, व्याकरणाच्या परंपरेतच ‘मुखं व्यादाय स्वपिति’ हे उदाहरण चर्चेत आहे, तोंड वासून झोपतो. तोंड आधी वासून मग कुणी झोपत नाही. पण वेगळा कर्ता मान्य नाही. ‘अस्स’ला कर्ता म्हणायचं तर षष्ठी कुठेही कर्ता होईल.

ओसरीवरून: कुठेही नाही. पुढच्या क्रियेचा परिणाम ज्याच्यावर होतो, तोच पाहणारा असला पाहिजे. इथे आस्रव क्षीण झाले ते त्याचेच. अट सैल आहे, मोकाट नाही.

पालीचा_नवा_भिडू: चूक वाक्यात नाही हे पटलं. पण मग पाहणं नेमकं कधी? निरोधात संज्ञा आणि वेदना दोन्ही थांबलेल्या, तिथे कोण काय पाहणार? उठल्यावर पाहिलं म्हणायचं तर ‘उठून’ हा शब्द वाक्यात नाही.

कृदंतवाला: नाहीच. आणि ‘च’ने जोडलेली दोन वाक्यं आहेत, त्यामुळे विहरतिनंतर काळ बदलला असं मानायला जागा आहे.

ओसरीवरून: जागा आहे, सक्ती नाही. ‘च’ क्रम सांगत नाही. ध्यानाचा सिद्धांत जे म्हणेल ते म्हणो, पण भाषांतरात कंसातसुद्धा ‘उठून’ घालू नका. ‘आणि प्रज्ञेने पाहून त्याचे आस्रव क्षीण झालेले असतात’ एवढंच ठेवा.

कृदंतवाला: आणि वाचणारा पुन्हा हाच धागा काढेल.