इंटर्नने मुदतीआधी सोडलं, तर त्याला ‘राजीनामा’ म्हणावं का?

सदाशिवपेठी: माझी भाची एका ट्रस्टच्या ग्रंथालयात इंटर्न आहे. जुन्या मासिकांची लेखसूची करण्याचं काम. करार १ जुलै ते ३१ डिसेंबर असा. आता विद्यापीठाचं वेळापत्रक लागलं, लेखी परीक्षा ११ नोव्हेंबरपासून, त्याआधीच्या आठवड्यात तोंडी. म्हणून तिला ३१ ऑक्टोबरला थांबायचंय. संस्थेचा सगळा कारभार मराठीत, त्यामुळे पत्रही मराठीत हवं. तिने विषयात लिहिलं, ‘राजीनामा सादर करण्याबाबत’. कार्यवाहांनी पत्र परत पाठवलं, वर लाल शाईत शेरा: ‘आपण सेवेत नाही. राजीनामा लागू नाही.’ आता विषयात काय लिहावं?

भाषाप्रेमी: बरं झालं परत आलं. राजीनामा हा शब्दच काढून टाका. ‘मी राजी ना’, म्हणजे ‘मला आता मान्य नाही’, यावरून तो आला आहे. परीक्षेला जाणारी मुलगी काही नाराज नाही! ‘त्यागपत्र’ लिहा.

दप्तरदार: तसं नाही हो. राजी म्हणजे संमत, आणि नामा म्हणजे लेख, जसा करारनामा, पंचनामा. यात नकार कुठेच नाही. मी महसूल खात्यात जन्म काढला. जुन्या मुंबई इलाख्यात जमीन सोडणारा राजीनामा लिहून द्यायचा आणि घेणारा कबुलायत. दोन्ही कागद एकमेकांना लावलेले असायचे. म्हणजे ‘मी राजीखुशीने हक्क सोडतो’ असा त्याचा अर्थ. भाचीच्या बाबतीत तो उलट चपखलच बसतो.

भाषाप्रेमी: व्युत्पत्ती काही असो, शब्द फारसीच ना? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश उगाच करून घेतला का?

दप्तरदार: मग ‘दप्तर’ही सोडा, मला नवं नाव शोधावं लागेल. आणि त्यागपत्र म्हटलं की मला संन्यास घेतल्यासारखं वाटतं.

बाणेरची एचआर: शब्दावर भांडा, पण कार्यवाह चुकलेले नाहीत. राजीनामा पदाचा असतो. इंटर्नकडे पद नसतं, ठरावीक मुदतीचा करार असतो. आमच्याकडे पोरं कुठूनतरी राजीनाम्याचा नमुना उतरवतात आणि ‘माझ्या पदाचा स्वीकार करावा’ असलं काहीतरी लिहून बसतात. विषय साधा ठेवा: ‘इंटर्नशिप मुदतीपूर्वी समाप्त करण्याबाबत’.

पण त्याआधी करार काढून बघा. ‘पंधरा दिवसांची सूचना देऊन सोडता येईल’ असं कलम असेल तर पत्रात ‘कळवते’ हे क्रियापद येईल. कलम नसेल तर ‘विनंती करते’. ‘कळवते’ म्हटलं की संस्थेने फक्त पोच द्यायची. ‘विनंती’ म्हटलं की संस्था नाही म्हणू शकते. मुली सभ्यपणापायी सगळीकडे विनंती करत सुटतात आणि मग उत्तराची वाट बघत बसतात.

पेठेतला मुद्रितशोधक: विषयात ‘समाप्त’ नको. निमंत्रणपत्रिकेत ‘समाप्ती’ चालते, इथे ‘संपवण्याबाबत’ लिहा. आणि इंटर्नशिपला ‘आंतरवासिता’ हा शब्द आहे की. बी.एड.वाल्यांच्या कागदांवर रोज दिसतो.

डॉ. अण्णा: आंतरवासितेवरून आठवलं. आमची एम.बी.बी.एस.ची आंतरवासिता पुरी १२ महिन्यांची. गैरहजर राहिलात की तेवढे दिवस पुढे भरून द्यायचे, मध्येच सोडणं वगैरे प्रकारच नाही. माझे प्रसूती विभागातले काही दिवस राहिले होते, ते भरल्याशिवाय नोंदणीचा कागद मिळेना. तेव्हा भाचीला सांगा, परीक्षा पुढे ढकलायचा अर्ज विद्यापीठाकडे करावा, इंटर्नशिप सोडू नये.

सदाशिवपेठी: अण्णा, ती डॉक्टर नाही, मराठीत एम.ए. करतेय. आणि एका मुलीसाठी परीक्षा कोण ढकलणार?

भाषाप्रेमी: आंतरवासिता हा शब्दच सोयीचा नाही. आपल्याकडे ‘अंतेवासी’ होता, गुरूजवळ राहून शिकणारा. त्याचं हे इंग्रजी वळणाचं रूप, म्हणे आत राहणारा! भाची ग्रंथालयात राहते थोडीच, ती कोथरूडहून पीएमटीने जाते.

पेठेतला मुद्रितशोधक: अंतेवासीही राहतोच की गुरूघरी. आणि पीएमटीला पीएमपीएमएल होऊन वर्षं झाली.

दप्तरदार: ‘उमेदवारी’ म्हणा ना. आमच्या वेळी कारकुनाची जागा रिकामी होईपर्यंत पोरं कचेरीत बिनपगारी उमेदवारी करायची. आजही कायदा ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणतोच.

बाणेरची एचआर: दप्तरदारकाका, तो १९६१चा कायदा अप्रेंटिससाठी आहे. त्यात नोंदणी झालेली असते, करार नोंदवलेला असतो. साध्या इंटर्नला ‘शिकाऊ उमेदवार’ लिहिलंत तर लेखापाल नको ते प्रश्न विचारील. इंटर्नला इंटर्नच राहू द्या.

सदाशिवपेठी: करार बघितला. सूचनेचं कलम आहे, १५ दिवसांचं. पण त्याखाली असंही आहे की ‘पूर्ण मुदत केल्यास प्रमाणपत्र देण्यात येईल’. तिचं घोडं तिथे अडलंय, कारण विभागात तिला या कामाचे ४ श्रेयांक धरायचे आहेत.

बाणेरची एचआर: हे आधी सांगायचं होतं. एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे ४ श्रेयांकांना १२० तास. जुलै ते ऑक्टोबरमध्ये ते कधीच भरले असतील. विभागाला सहा महिने नकोत, तास हवेत. म्हणून ‘प्रमाणपत्र द्यावे’ असं मोघम मागू नये, ते कलमात अडकेल. ‘१ जुलै ते ३१ ऑक्टोबर या काळात प्रत्यक्ष केलेल्या कामाचे, तासांच्या नोंदीसह, पत्र मिळावे’ असं मागावं. पूर्ण मुदतीचं प्रमाणपत्र ती मागतच नाहीये, त्यामुळे कार्यवाहांना नाही म्हणायला जागा उरत नाही. हजेरीपट आताच मोजून घ्या, सह्या नसलेले दिवस भरून घ्या. नंतर कोणी शोधत बसत नाही.

म्हणजे पत्रात सोडण्याचा भाग ‘कळवते’, आणि कामाच्या पत्राचा भाग ‘विनंती’. वेळापत्रकाची प्रत जोडा. ‘वैयक्तिक कारणास्तव’ अजिबात लिहू नका, कारण चांगलं आहे, ते लपवायचं कशाला?

पेठेतला मुद्रितशोधक: कारणाचं वाक्यही बघा. परवा एका पत्रात ‘परीक्षेशी संघर्ष होत असल्याने’ वाचलं. परीक्षेशी कसला संघर्ष? ‘परीक्षा आणि काम एकाच वेळी येत असल्याने’ म्हणावं. बोलताना तर आपण ‘परीक्षा आडवी आली’ म्हणतो.

भाषाप्रेमी: ‘आडवी आली’ पत्रात? मांजर आहे का ती!

सदाशिवपेठी: सूचीचं काम अर्धवट आहे, त्याचं काय लिहायचं? एका मासिकाचे अंक १९३४पर्यंत झालेत, पुढचे राहिलेत. ‘हस्तांतरण’ लिहिलं तर चालेल?

बाणेरची एचआर: जे आत्ता सांगितलंत तेच लिहा. कुठल्या अंकापर्यंत नोंदी झाल्या, फाइल कुठल्या संगणकावर आहे, कोणते अंक बाइंडिंगला गेलेत. ही तीन वाक्यं वाचून कार्यवाहांचा निम्मा राग जाईल. मागाहून येणाऱ्याला पहिल्या कार्डापासून सुरुवात करावी लागली की संस्था पुढच्या वर्षी इंटर्नच घेत नाही.

दप्तरदार: त्याला आम्ही ‘चार्ज देणे’ म्हणायचो. चार्जयादी दोन प्रतींत, एकीवर घेणाऱ्याची सही.

पेठेतला मुद्रितशोधक: एक शंका. तिला पैसे मिळतात का? करारात ‘विद्यावेतन’ लिहिलंय का?

सदाशिवपेठी: हो, महिन्याला थोडंफार. ‘विद्यावेतन’च लिहिलंय.

पेठेतला मुद्रितशोधक: मग वेतन आलं! वेतन आहे तर सेवा आली, आणि सेवा आली की राजीनामाही आला. कार्यवाहांचा शेरा त्यांच्याच करारावर आपटतो.

बाणेरची एचआर: अहो, विद्यावेतन शिकण्यासाठी असतं, कामाचा पगार नव्हे.

पेठेतला मुद्रितशोधक: मग चार महिने ती सूची आपोआप झाली?

दप्तरदार: आमच्या उमेदवारांना तेही नव्हतं. एकाने तर सहा वर्षं काढली आणि शेवटी जागा दुसऱ्यालाच गेली. त्याने काय लिहून दिलं असेल, राजीनामा की त्यागपत्र?

भाषाप्रेमी: फारसी लिहिलं असेल, म्हणूनच गेली.